सहा गुणांची वाटणी

दुपारच्या तासानंतर आलेली एक ई-मेल अशी होती : 'सर, जुन्या पेपरमधला बीमचा सहा मार्कांचा प्रश्न घरी सोडवला. रिअ‍ॅक्शन चुकल्या, त्यामुळे पुढची सगळी उत्तरं वेगळी आली. पण पायऱ्या सगळ्या केल्या आहेत, दोन्ही आकृत्याही काढल्या आहेत. पेपरवर फक्त ६ असं छापलंय. त्यातले कुठल्या पायरीला किती असतात? माझ्या उत्तराला किती मिळाले असते? वहीचा फोटो जोडला आहे.'

डिप्लोमाला शिकवणाऱ्या कुणालाही अशी मेल आली की बरं वाटतं. 'मार्क कसे देतात?' एवढाच प्रश्न आला तर काय सांगणार? इथे मात्र प्रश्नाचं स्वरूप, चूक कुठे झाली ते ठिकाण आणि स्वतःची मांडणी, तिन्ही समोर आहे. उत्तर देता येतं.

पेपरवर पूर्ण प्रश्नाचे गुण छापलेले असतात, आतली वाटणी नसते. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या डिप्लोमा परीक्षेत ती मॉडेल आन्सरमध्ये सापडते. मंडळाच्या जुन्या पेपरांची मॉडेल आन्सर विद्यार्थ्यांना पाहायला मिळतात, आणि त्यांत उत्तराच्या कडेला कुठे १, कुठे अर्धा असे आकडे असतात. पहिल्या पानावर परीक्षकांसाठी सूचना असतात. त्यांपैकी एक अशा गणितांसाठी कळीची आहे : आकडेमोडीच्या प्रश्नात पायरीनुसार गुण द्यावेत. विद्यार्थी ती सूचना ओलांडून थेट उत्तराकडे जातात. खरं तर आधी वाचायला हवी ती तीच.

आता या धाटणीचं एक गणित घेऊ. सहा मीटर लांबीचा बीम दोन्ही टोकांना, ए आणि बी या आधारांवर, नुसता टेकवलेला आहे. ए पासून पहिल्या चार मीटरवर दर मीटरला १० किलोन्यूटन असा पसरलेला भार आहे. आमच्या वर्गात त्याला यूडीएल म्हणतात. ए पासून पाच मीटरवर २० किलोन्यूटनचा एक ठोस भार आहे. शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंटच्या आकृत्या काढा आणि सर्वांत मोठा मोमेंट सांगा.

पसरलेला भार एकूण ४० किलोन्यूटन. त्याचा मध्य ए पासून २ मीटरवर. ए भोवती मोमेंट घेतले तर ४० × २ आणि २० × ५ मिळून १८० होतात, त्याला ६ ने भागलं की बी ची रिअ‍ॅक्शन ३० येते. एकूण भार ६०, म्हणून ए ची रिअ‍ॅक्शनही ३०. ए जवळ शिअर ३०, चार मीटरवर उणे १०, ठोस भारानंतर उणे ३०. म्हणजे मध्ये कुठेतरी शिअर शून्य होतो. ३० ला दर मीटरच्या १० ने भागा : ए पासून ३ मीटर. तिथे मोमेंट ९० वजा ४५, म्हणजे ४५ किलोन्यूटन-मीटर, आणि तोच सर्वांत मोठा. चार मीटरवर ४० आणि पाच मीटरवर ३० येतो.

अशा सहा गुणांची वाटणी साधारण अशी पडते : रिअ‍ॅक्शनला एक, शिअरच्या किमतींना एक, शिअर शून्य होण्याच्या जागेला एक, मोमेंटच्या किमतींना एक, आणि दोन आकृत्यांना एकेक. कुठे दोन पायऱ्या एकत्र करून दीड दिलेला दिसेल, पण घाट हाच.

या मुलानं ४० चा मध्य २ ऐवजी ३ मीटरवर, म्हणजे अख्ख्या बीमच्या मधोमध धरला होता. बी ची रिअ‍ॅक्शन ३६.६७ आली आणि ए ची २३.३३. पुढे त्यानं याच आकड्यांवर शिअर काढला, तो २.३३ मीटरवर शून्य होतो हे बरोबर ओळखलं, तिथला मोमेंट २७.२ काढला, यूडीएलखाली वक्र रेषा आणि पुढे सरळ रेषा काढली. रिअ‍ॅक्शनचा एक गुण गेला. बाकीचं काम त्याच्या चुकलेल्या आकड्यांशी सुसंगत असेल, तर ती चूक पुन्हा पुन्हा कापायची नाही, हा पायरीनुसार गुण देण्याचा अर्थ. त्याला चारच्या पुढे गुण मिळायला हरकत नव्हती.

पाचच्या आत अडकलं ते वेगळ्याच जागी. त्याच्या चुकीच्या रिअ‍ॅक्शनची बेरीज ६० च होते, म्हणून शिअरची आकृती शेवटी नीट मिटते आणि काही बिघडलंय अशी शंकाच येत नाही. मोमेंट मात्र लपवत नाही. डावीकडून मोजत गेलं तर पाच मीटरवर उणे ३.३३ येतो, उजवीकडून ३६.६७. बी वर तर उणे ४० उरतात, आणि नुसत्या टेकवलेल्या टोकाला मोमेंट शून्यच असला पाहिजे. वहीत चार मीटरपर्यंतचे मोमेंट डावीकडून घेतले होते, पाच मीटरचा उजवीकडून, आणि बी वर शून्य लिहून टाकलं होतं. तिथे सुसंगती तुटते आणि परीक्षक मोमेंटच्या किमतींचा निदान अर्धा गुण राखून ठेवतो. दोन्ही बाजूंनी एकदा मोजून पाहायला एक मिनिट लागतं, आणि त्या एका मिनिटात रिअ‍ॅक्शनमधली मूळ चूकही हाती लागते.

याच वर्गात दुसऱ्या प्रकारची चूक याहून जास्त दिसते, आणि ती जास्त महाग पडते. रिअ‍ॅक्शन काढताना यूडीएलऐवजी मध्यावर ४० चा एकच भार धरतात. तेवढ्यापुरतं ते बरोबर आहे. ३० आणि ३० च येतात. मग तोच भार आकृत्या काढतानाही तसाच ठेवला जातो. शिअरची रेषा उतरती असायला हवी, ती २ मीटरवर पायरीसारखी खाली पडते. सर्वांत मोठा मोमेंट तिथेच ६० येतो, खरा ४५ असताना. वक्र रेषेचा पत्ता नाही. गंमत म्हणजे चार आणि पाच मीटरवरचे मोमेंट ४० आणि ३० बरोबरच येतात, त्यामुळे विद्यार्थ्याला वाटतं थोडंसंच चुकलं. पण शून्य शिअरची जागा आणि दोन्ही आकृत्या यांचे तीन गुण गेलेले असतात, सर्वांत मोठा मोमेंट चुकल्यानं किमतींचाही अर्धा. इथे 'पुढे सुसंगत आहे' हा बचाव चालत नाही, कारण चूक आकड्यात नाही. प्रश्नच बदलून सोपा करून घेतला आहे. रिअ‍ॅक्शन चुकवणारा पहिला मुलगा याच्या पुढे असतो, हे अनेकांना पटायला वेळ लागतो.

मुलाला मी हे सगळं लिहिलं, आणि दोन मर्यादाही लिहिल्या. वर्गशिक्षक हा त्या पेपरचा परीक्षक असेलच असं नाही. मॉडेल आन्सरमधले आकडे आणि सूचना दाखवता येतात. अर्ध्या गुणाचा निर्णय ज्याच्या हातात उत्तरपत्रिका असते त्याचा. आकृतीत किमती लिहिल्या नाहीत किंवा अधिक-उणे चिन्हं राहिली, तर एक परीक्षक अर्धा कापेल, दुसरा सोडून देईल.

दुसरी मर्यादा स्वतःच्या निकालाची. जुन्या पेपरचा सराव करताना वाटणी विचारणं वेगळं, आणि 'मला या परीक्षेत इतकेच का?' हे विचारणं वेगळं. त्या दुसऱ्या प्रश्नाला शिक्षकाची मेल पुरत नाही. तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क विद्यार्थ्याला माहितीच्या अधिकाराखाली आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सीबीएसईच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं. मंडळाकडे निकालानंतर ठरलेल्या मुदतीत झेरॉक्स प्रत मागवता येते. ती हातात आल्यावर मॉडेल आन्सर शेजारी ठेवून पायरी-पायरीनं गुण जुळवायचे. कुठल्या पायरीचा गुण सुटला हे बोट ठेवून दाखवता आलं, तरच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरावेत. फक्त 'कमी वाटतात' म्हणून भरले, तर बहुधा तेच आकडे परत येतात.

मुलाचं उत्तर तासाभरात आलं : 'सर, बी वरचे उणे ४० मला दिसले होते. चुकून आले असतील म्हणून शून्य केले.' मी त्याला लिहिलं, की परीक्षेत असे आकडे दिसले तर खोडू नकोस. तिथूनच मागे जाऊन रिअ‍ॅक्शन तपास.