नवधार्मिक चळवळ

नवधार्मिक चळवळ ही धर्माच्या समाजशास्त्रातील व धर्म-अभ्यासातील एक संज्ञा आहे. आधुनिक काळात उदयास आलेल्या आणि श्रद्धा, साधना किंवा संघटना यांबाबत सभोवतालच्या प्रस्थापित धर्मांपासून वेगळ्या ओळखल्या जाणाऱ्या गटांसाठी ती वापरली जाते. 'आधुनिक काळ' म्हणजे काहींच्या मते एकोणिसाव्या शतकापासूनचा, तर काहींच्या मते दुसऱ्या महायुद्धानंतरचा काळ होय. १९७० च्या दशकात इंग्रजी लेखनात 'कल्ट' या शब्दाला निंदेचा अर्थ चिकटला, तेव्हा अभ्यासकांनी त्याऐवजी ही तटस्थ संज्ञा स्वीकारली. जपानमध्ये त्याआधीच 'शिन्शूक्यो', म्हणजे नवा धर्म, हा शब्द रूढ होता.

मराठी पारिभाषिक शब्दांची अडचण

इंग्रजीतील 'सेक्ट' व 'कल्ट' यांसाठी मराठीत बहुधा 'पंथ' किंवा 'संप्रदाय' असे शब्द योजले जातात. हे भाषांतर दिशाभूल करणारे आहे. 'सेक्ट' ही कल्पना ख्रिस्ती समाजातून आली. तेथे एकाच चर्चचे अधिकृत वर्चस्व होते आणि त्यातून फुटून निघालेला गट म्हणजे सेक्ट. वारकरी, महानुभाव, नाथ किंवा समर्थ संप्रदाय यांना असे कोणतेही एक मध्यवर्ती चर्च नव्हते. गुरूकडून शिष्याकडे जाणारी परंपरा हाच 'संप्रदाय' या शब्दाचा मूळ अर्थ असून त्यात निंदा नाही. त्यामुळे महाराष्ट्रातील एखादा गट 'नवा' आहे की जुन्या परंपरेची एक शाखा आहे, हे केवळ नावावरून ठरवता येत नाही.

व्याख्या

ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ आयलीन बार्कर यांचा भर पहिल्या पिढीवर आहे. नव्या चळवळीतील बहुतेक लोक जन्माने नव्हे, तर स्वतःच्या निवडीने आलेले असतात. म्हणून त्यांच्यात उत्साह अधिक असतो, संस्थापकाचा अधिकार व्यक्तिगत असतो आणि 'आपण' व 'इतर' ही रेषा ठळक असते. मुले जन्मून त्याच वातावरणात वाढू लागली की ही वैशिष्ट्ये झपाट्याने सौम्य होतात. अमेरिकन अभ्यासक जे. गॉर्डन मेल्टन यांनी निराळा मार्ग घेतला. त्यांच्या मते अशा सर्व गटांत समान असे एकही तत्त्वज्ञान नाही. समान आहे ते एवढेच की, त्या-त्या समाजातील प्रभावी धर्मसंस्था व शासन त्यांना कडेला ठेवतात. या मांडणीनुसार 'नवेपणा' हा गटाचा गुण नसून गट आणि समाज यांच्यातील संबंध आहे.

उदाहरण : इंचगिरी संप्रदाय

वरील फरक सांगली जिल्ह्याशी निगडित असलेल्या एका परंपरेतून स्पष्ट होतो. कवठे महांकाळच्या शेजारील जत तालुक्यात उमदी हे गाव आहे. तेथील भाऊसाहेब महाराज (१८४३–१९१४) हे निंबर्गी महाराजांचे शिष्य होते. त्यांनी आजच्या विजयपूर जिल्ह्यातील इंचगिरी येथे मठ स्थापन केला. नामस्मरणयुक्त ध्यान, भजन व दासबोधाचे वाचन हा तेथील साधनेचा गाभा होय. काळाचा निकष लावला तर हा संप्रदाय 'नवा' ठरतो. मात्र अनुग्रह घेणाऱ्याला कुळदैवत, सणवार किंवा पंढरीची वारी सोडावी लागत नाही. भोवतालच्या लोकांनाही तो परका वाटला नाही. बार्कर आणि मेल्टन यांच्या निकषांवर तो नवधार्मिक चळवळीत सहज बसत नाही.

भाऊसाहेबांचे एक शिष्य सिद्धरामेश्वर महाराज (१८८८–१९३६) यांनी ध्यानाच्या मार्गाला पिपीलिका मार्ग, म्हणजे मुंगीची वाट, म्हटले व विचाराच्या विहंगम मार्गाला, म्हणजे पक्ष्याच्या वाटेला, महत्त्व दिले. काही गुरुबंधूंना हे मान्य झाले नाही. त्यांचे शिष्य निसर्गदत्त महाराज (१८९७–१९८१) मुंबईत विडीचे दुकान चालवत आणि खेतवाडीतील घराच्या माळ्यावर मराठीत निरूपण करीत. मॉरिस फ्रीडमन यांनी या संवादांचे इंग्रजी भाषांतर केले आणि १९७३ मध्ये 'आय ॲम दॅट' हा ग्रंथ निघाला. (हेच पोलिश अभियंते १९३० च्या दशकाच्या अखेरीस औंध संस्थानातील ग्रामस्वराज्याच्या प्रयोगात सहभागी होते, त्यामुळे हा परिसर त्यांना नवा नव्हता.)

ग्रंथानंतर युरोप-अमेरिकेतील जिज्ञासू खेतवाडीत येऊ लागले. पुढे पाश्चात्त्य देशांत 'सत्संग' नावाच्या बैठका वाढल्या. या प्रवाहाला 'निओ-अद्वैत' म्हणतात. रमण महर्षींची शिकवण आणि रजनीशांच्या चळवळीतून बाहेर पडलेले लोक हे त्याचे आणखी दोन स्रोत होत. तेथे दासबोध नाही, काकड आरती नाही, बहुतेक ठिकाणी अनुग्रहही नाही. उरते ती 'मी कोण' ही विचारणा. श्रोते जवळजवळ सगळे पहिल्या पिढीचे असतात. नवधार्मिक चळवळींना वाहिलेल्या 'नोव्हा रिलिजिओ' या नियतकालिकात या प्रवाहावर लिझेलॉट फ्रिस्क (२००२) व फिलिप चार्ल्स लुकस (२०११) यांचे लेख आले. लुकस यांच्या लेखाच्या शीर्षकातच, ही चळवळ आहे की नाही, हा प्रश्न आहे. एकच गुरुपरंपरा उमदी-इंचगिरीत संप्रदाय असते आणि परदेशात तिचा एक फाटा नवधार्मिक चळवळ म्हणून अभ्यासला जातो.

अभ्यासाचे कारण

प्रस्थापित धर्मांच्या आरंभकाळाविषयी बहुतेक पुरावे उत्तरकालीन असतात. नव्या चळवळीत मात्र संस्थापकाचा मृत्यू, वारसाचा वाद आणि फूट अभ्यासकाला समोर पाहता येतात. सिद्धरामेश्वरांच्या वेळचा मतभेद हे त्याचेच एक छोटे रूप होय. दुसरे कारण धर्मांतराविषयीचे समज तपासणे हे आहे. 'ब्रेनवॉशिंग'चा आरोप युनिफिकेशन चर्चवर मोठ्या प्रमाणात होत असताना बार्कर यांनी ब्रिटनमधील कार्यशाळांचा मागोवा घेतला (१९८४). सुमारे एक हजार उपस्थितांपैकी दहातील नऊ जण सदस्य झाले नाहीत. अटळ मनोनियंत्रणाच्या कल्पनेशी हे जुळत नाही. तथापि, यावरून कोणावरही दबाव आला नाही असे सिद्ध होत नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते.

भारतात वर्गीकरणाला कायदेशीर परिणामही असतात. ऑरोव्हिलविषयक एस. पी. मित्तल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने श्रीअरविंदांची शिकवण धर्म नसून तत्त्वज्ञान असल्याचे मानले. न्या. चिन्नप्पा रेड्डी यांनी याविषयी भिन्न मत नोंदवले.

अभ्यासातील सावधगिरी

माजी सदस्यांचे कथन गैरवर्तन उघड करू शकते, पण ते विच्छेदाच्या अनुभवातून आलेले असते. भक्तांनी लिहिलेली चरित्रे चमत्कार व दिव्यत्व यांच्या चौकटीत असतात. इंचगिरीसारख्या परंपरेत तर मुख्य सामग्री शिष्यांनीच जतन केलेली आहे. म्हणून दोन्ही प्रकारची साधने तारीख, पत्रव्यवहार व न्यायालयीन कागदांशी ताडून पाहावी लागतात.

उलट बाजूची चूकही घडलेली आहे. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओम शिनरिक्यो या गटाने सारिन वायू सोडला. त्यानंतर काही अमेरिकन अभ्यासक गटाच्याच खर्चाने जपानला गेले आणि हा गट असा वायू बनवू शकेल का, याविषयी त्यांनी जाहीर शंका व्यक्त केली. पुढे गटाचा दोष सिद्ध झाला आणि या विद्याशाखेच्या विश्वासार्हतेला धक्का बसला. तेव्हापासून गटाचे आदरातिथ्य व निधी स्वीकारण्याबाबत अभ्यासक अधिक दक्ष झाले. दुसरीकडे, अशा एका घटनेवरून इतर शेकडो शांत गटांचे अनुमान काढता येत नाही, कारण बातमीत येणारे गट हा प्रातिनिधिक नमुना नसतो. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही कोणत्याही पंथाचे नाव घेत नाही. तो अनुसूचीतील विशिष्ट कृत्यांना गुन्हा ठरवतो.