दारूबंदीचा कायदा, बसगाड्यांचा धंदा आणि एक तक्ता

एलएलबीच्या परीक्षेआधी वह्यांमध्ये तक्त्यांचं पीक येतं. एका बाजूला ‘सेव्हरेबिलिटी’, दुसऱ्या बाजूला ‘एक्लिप्स’, मधे उभी रेघ. खाली दोन्हीकडे व्याख्या, अनुच्छेद 13 आणि एकेका खटल्याचं नाव. असा तक्ता दिसायला नीटस असतो, पण ज्या प्रश्नात हे दोन सिद्धांत एकमेकांत मिसळलेले असतात तिथे तो काहीच सांगत नाही.

गोंधळाचं मूळ खुद्द अनुच्छेद 13 मध्ये आहे. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा ‘त्या विसंगतीपुरता’ शून्य ठरतो, असं तो म्हणतो. सेव्हरेबिलिटी, म्हणजे पृथक्करणाचा सिद्धांत, यातूनच निघाला आणि एक्लिप्स, म्हणजे ग्रहणाचा सिद्धांतही यातूनच. फरक विचारण्यात आहे. पहिला विचारतो, कायद्याचा किती भाग गेला? दुसरा विचारतो, कायदा किती काळ आणि कोणाविरुद्ध निष्प्रभ राहिला?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मुंबईच्या दारूबंदीत सापडतं. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यात ‘मद्य’ या शब्दाची व्याख्या इतकी सैल होती की अल्कोहोल असलेली औषधं आणि ओ-द-कलोनसारखी प्रसाधनंही तीत येत. एफ. एन. बलसारा यांनी त्याला आव्हान दिलं. 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने औषधं आणि प्रसाधनांपुरती बंदी अवैध ठरवली. आणखी काही तरतुदीही गेल्या. पिण्याच्या दारूवरची बंदी मात्र टिकली, कारण गेलेला भाग वगळूनही कायदा स्वतःच्या पायावर उभा राहू शकत होता. इथे घटनादुरुस्तीचा प्रश्नच नव्हता.

दुसरं उत्तर मध्य प्रांत आणि वऱ्हाडातलं, म्हणजे नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातलं. तिथल्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीने प्रवासी वाहतुकीचा धंदा पूर्णपणे आपल्या हाती घेण्याचा अधिकार सरकारला दिला. तेव्हा राज्यघटना नव्हती, त्यामुळे कायदा वैध होता. 26 जानेवारी 1950 ला धंद्याचं स्वातंत्र्य हा मूलभूत हक्क झाला आणि हा कायदा त्याच्या आड आला. मग 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने सरकारी मक्तेदारीला वाट करून दिली. भिकाजी नारायण धाकरस खटल्यात 1955 मध्ये न्यायालयाने सांगितलं की कायदा मेला नव्हता, झाकोळला होता. दुरुस्तीने सावली हटली आणि तो नव्याने न करताही लागू झाला.

म्हणून तक्त्यात व्याख्येऐवजी हे रकाने हवेत:

| | पृथक्करण | ग्रहण |
|---|---|---|
| कायदा कधीचा? | घटनेआधीचा किंवा नंतरचा | मुख्यतः घटनेआधीचा |
| काय उरतं? | अवैध भाग वगळून बाकी कायदा | कायदा कायम, पण विसंगतीपुरता निष्प्रभ |
| घटनादुरुस्तीने काय होतं? | निकाल दुरुस्तीवर अवलंबून नाही | कायदा पुन्हा जागा होतो |
| खटला | बलसारा | धाकरस |

यातला पहिला रकाना सर्वांत जास्त गुण वाचवतो. समजा प्रश्न असा आला: 1954 साली एका राज्याने बसवाहतुकीचा कायदा केला, तो नागरिकांच्या हक्काशी विसंगत होता, पुढे घटनादुरुस्तीने ती विसंगती नाहीशी झाली. ‘घटनादुरुस्ती’ हा शब्द दिसताच बरेच जण ग्रहण लिहून मोकळे होतात. पण दीप चंद खटल्यात 1959 मध्ये न्यायालयाने घटनेनंतरच्या कायद्याला हा आधार नाकारला. अनुच्छेद 13(2) असा कायदा करायलाच मनाई करतो, त्यामुळे तो जन्मतःच मृत. नंतरच्या दुरुस्तीने जिवंत करायला काही उरलेलंच नसतं.

पृथक्करणाच्या बाजूला वेगळाच पेच आहे. बलसारा निकालानंतर पेसिकाका यांच्यावर दारू प्यायल्याचा खटला झाला. आपण अल्कोहोल असलेलं ‘बी. जी. फॉस’ हे टॉनिक घेतलं होतं, असा त्यांचा बचाव होता. औषधावरची बंदी तर आधीच गेलेली. मग प्यायलेलं पेय औषध होतं हे आरोपीने दाखवायचं की ते बंदीतलं मद्य होतं हे सरकारने? सर्वोच्च न्यायालयाने हा भार सरकारवर टाकला आणि शिक्षा रद्द केली. कायद्याचा तुकडा वेगळा केला की फौजदारी खटल्यात काय बदलतं, हे याहून ठळकपणे क्वचितच दिसतं. तरी तक्त्यात हा खटला फारसा आढळत नाही.

‘मुख्यतः’ हा शब्दही जपून ठेवावा. 1974 च्या अंबिका मिल्स खटल्यात मुंबईचा 1953 चा कामगार कल्याण निधी कायदा होता, म्हणजे घटनेनंतरचा. धंद्याचा हक्क फक्त नागरिकांना आहे आणि कंपनी नागरिक नाही, म्हणून नागरिकांविरुद्ध शून्य असलेला कायदाही कंपनीविरुद्ध लागू राहू शकतो, असं न्यायालयाने म्हटलं. दीप चंदचा ‘जन्मतःच मृत’ हा शेरा तक्त्यात लिहिताना त्याच्याशेजारी ‘कोणासाठी?’ असं प्रश्नचिन्ह टाकावं लागतं.