हिरव्या कुरणातील उपासमार

हॉलंडमधील गाई हिवाळ्याचे महिने गोठ्यात, साठविलेल्या चाऱ्यावर काढतात आणि वसंत ऋतू आला की कुरणात जातात. ते कोवळे, लुसलुशीत गवत पाहून कोणासही वाटावे की, आता त्यांच्या सुखाला पारावार नाही. परंतु थोड्याच दिवसांत कळपातील एखादी उत्तम दुभती गाय अकस्मात कोसळे. डच शेतकरी याला 'डोक्याचा रोग' म्हणत. १९३० च्या सुमारास स्योलेमा या डच संशोधकाने दाखवून दिले की, दोष डोक्यात नसून रक्तातील मॅग्नेशियमच्या तुटीत आहे.

गवतात मॅग्नेशियम नसते काय? असते, पण ते गाईच्या अंगी लागत नाही. हे द्रव्य मुख्यतः कोठीपोटाच्या, म्हणजे रवंथाच्या पहिल्या पोटाच्या, भिंतीतून शोषले जाते. भरपूर खत घातलेल्या कोवळ्या गवतात पोटॅशियम फार असते आणि ते या शोषणाला अडथळा करते.

एक हिशेब पाहू. २५ लिटर दूध देणाऱ्या गाईच्या दुधातून रोज सुमारे ३ ग्रॅम मॅग्नेशियम जाते. कुरणातील गवतातून तिच्या पोटात २२ ग्रॅम गेले, परंतु त्यातील दहावा हिस्साच शोषला गेला, तर हाती येतात जेमतेम २ ग्रॅम. उरलेली तूट भरून काढण्यास शरीरात तत्काळ उपयोगी पडेल असा साठा नसतो. हाडांत मॅग्नेशियम पुष्कळ असते, पण प्रौढ गाईला ते वेळेवर मिळत नाही.

प्रारंभी गाय कावरीबावरी होते, चरणे सोडते. तिचे कान व कातडी थरथरतात, चाल ताठर होते. मग किंचित आवाजानेही ती दचकून कोसळते, मान मागे ताणते, पाय झाडू लागते आणि तोंडाला फेस येतो. काही तासांत प्राण जातात. पुष्कळदा धन्याला दिसते ते मेलेले जनावर आणि पायांनी उकरलेली माती एवढेच.

म्हणून पहिल्या लक्षणालाच पशुवैद्य बोलवावा आणि तोवर गाईभोवती गडबड होऊ देऊ नये. तो कॅल्शियम व मॅग्नेशियमचे द्रावण शिरेतून अगदी सावकाश देतो आणि मॅग्नेशियम सल्फेट कातडीखाली टोचतो. हे सल्फेट शिरेत घाईने गेल्यास हृदय व श्वास बंद पडू शकतात. म्हणून हे काम घरच्या घरी करण्याचे नव्हे. उठलेली गायही पुन्हा कोसळू शकते. तिला कुरणातून काढून वाळला चारा घालावा लागतो.

प्रतिबंध मात्र सोपा आहे. कुरणात सोडण्यापूर्वीच आरंभ करून दर गाईला रोज ५० ते ६० ग्रॅम मॅग्नेशियम ऑक्साइड देतात. त्याची चव गाईला रुचत नाही, म्हणून ते काकवीत वा आंबोणात कालवतात. साठा होत नसल्यामुळे आज दिलेली मात्रा परवाच्या उपयोगी पडत नाही. गवताचा कोवळेपणा ओसरेपर्यंत एकही दिवस न चुकविणे, हेच यातील पथ्य.