आमंत्रण आलं की पथ्याचं आधीच कळवा

ज्यांच्या घरात कुणाला सिलिॲक आहे, त्यांना आमंत्रण आलं की आनंदाबरोबर एक काळजीही येते: जेवणाचं काय करायचं? आमच्या घरी ही काळजी लेकीमुळे आली. या आजारात गहू, रवा, मैदा, जव, सातू हे सगळं कायमचं बंद असतं. औषध नाही, पथ्य हाच उपचार. आणि पथ्य पाळायचं म्हणजे ज्यांच्याकडे जेवायला जायचं त्यांना आधी कळवायला हवं. चार ओळींचा निरोप पुरतो. पण त्या चार ओळी नेमक्या नसतील तर यजमानीण घाबरते किंवा दुखावते, आणि पोराच्या पोटात नको ते जातंच.

निरोपात काय हवं ते समजण्यासाठी आधी आजाराचं गणित समजायला हवं. गव्हात ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. सिलिॲक असलेल्या माणसाच्या पोटात ते गेलं की त्याची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. अन्न शोषून घेणारे तिथले बारीक उंचवटे झिजून सपाट होतात. दिवसभरात १० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन गेलं तर बहुतेकांना बाधत नाही, असं तज्ज्ञ मानतात. एका मध्यम पोळीत ते साधारण अडीच ग्रॅम असतं. म्हणजे एका पोळीचे अडीचशे तुकडे केले तर त्यातला एक तुकडा, एवढीच दिवसभराची मुभा! मधुमेह असलेल्या पाहुण्याने अर्धी पुरणपोळी खाल्ली तर ते सांभाळून घेता येतं. इथे ‘अर्धी’ या शब्दाला जागाच नाही.

दुसरी गोष्ट यजमानांना हमखास फसवते. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर ओठ सुजतात, धाप लागते, चुकल्याचं तिथल्या तिथे कळतं. सिलिॲकमध्ये पोटदुखी, जुलाब, पोट फुगणं हे काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी येतं, आणि कित्येकदा बाहेरून काहीच दिसत नाही. आतड्याला इजा मात्र होत असते. ती पुढच्या रक्ततपासणीत, अँटीबॉडी वाढल्यावर उघड होते. म्हणून ‘मागच्या वेळी खाल्लं होतं की तिने, काही झालं नाही’ हे वाक्य प्रेमाने म्हटलेलं असलं तरी त्यात पुरावा काहीच नसतो.

आता एक नेहमीचा प्रसंग घेऊ. शेजारच्या वहिनींकडे रविवारी सत्यनारायण आहे आणि पूजेनंतर जेवण. बेत साधा मराठी: वरणभात, मसालेभात, बटाट्याची भाजी, काकडीची कोशिंबीर, अळूवडी, पुरी, श्रीखंड, लोणचं, पापड, आणि प्रसादाचा शिरा. वरवर पाहिलं तर गव्हाचे पदार्थ दोनच, पुरी आणि शिरा. म्हणून बरेच जण ‘तिला पुरी आणि शिरा वाढू नका’ एवढं सांगून मोकळे होतात. खरी अडचण मिसळणाच्या डब्यात असते.

आपण जो वापरतो तो बहुतेक बांधानी हिंग. मूळ हिंग म्हणजे अफगाणिस्तान-इराणकडून येणारा उग्र डिंक. तो तसाच वापरता येत नाही म्हणून त्यात खाद्य डिंक आणि पीठ मिसळतात, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. डबी फिरवून घटकांची यादी वाचली की ‘गव्हाचे पीठ’ किंवा ‘मैदा’ स्पष्ट छापलेलं दिसतं. तांदळाचं पीठ घातलेला हिंगही बाजारात मिळतो, पण तो मुद्दाम शोधून आणावा लागतो. चिमूट लहान असते हे खरं. पण वहिनींच्या बेतात ती कुठे कुठे आहे पाहा: वरणात, भाजीत, कोशिंबिरीच्या फोडणीत, लोणच्यात, उडदाच्या पापडात, आणि गोड्या मसाल्यात घातलेला असेल तर मसालेभातातही. अळूवडीत बेसन, पण ती तळली जाते पुरीच्याच कढईत. तेल कितीही कडकडीत असलं तरी ग्लूटेन त्यात जळून जात नाही.

मग उरतं काय? बरंच उरतं. साधा पांढरा भात, तूप, मीठ, लिंबू. फोडणीआधी बाजूला काढलेलं, नुसतं हळद-मीठ घातलेलं वरण. मात्र कुकरमध्ये डाळ लावतानाच हिंग घालायची पद्धत असेल तर तेही नाही. दही, चिरलेली काकडी, घरी चक्का फेटून केलेलं श्रीखंड. म्हणजे तिचं पान यजमानांच्याच स्वयंपाकातून बऱ्यापैकी भरतं. निरोपाचा सगळा जीव इथे आहे. काय चालत नाही याची यादी धाडली की सगळा विचार यजमानिणीच्या डोक्यावर पडतो, आणि पूजेच्या गडबडीत तो करायला तिला सवड नसते. तुमच्या स्वयंपाकातलं काय खाईन हे सांगितलं की तिचं ओझं उतरतं. मी साधारण असा निरोप पाठवते:

‘नमस्कार वहिनी, रविवारी पूजेला आम्ही तिघंही नक्की येतोय. एक आधी सांगून ठेवते. लेकीला सिलिॲक आहे, त्यामुळे गहू, रवा, मैदा पूर्ण बंद आहे, अगदी घासभरही चालत नाही. हिंगात गव्हाचं पीठ असतं म्हणून तोही नाही. तुमच्याकडचा साधा भात, हिंग-फोडणीआधी काढून ठेवलेलं वाटीभर वरण, दही आणि श्रीखंड ती आवडीने खाईल. तिच्यासाठी वेगळं काही करू नका, भाकरी-भाजी मी डब्यात आणते. फक्त तिचं पान सगळ्यांच्या आधी मी वाढून घेईन, चालेल ना?’

यातलं प्रत्येक वाक्य काहीतरी काम करतं. पहिलं वाक्य येण्याचं, कारण पथ्याच्या निरोपाला ‘येत नाही’ची प्रस्तावना समजणारी माणसं आहेत. आजाराचं नाव एकदाच, कारण नाव नसलं की ते आवडीनिवडीचं किंवा डाएटचं खूळ वाटतं. पण निदान कसं झालं, बायोप्सी कधी केली, डॉक्टर काय म्हणाले हे काही नाही. ते वाचून यजमानिणीला वाईट वाटेल, स्वयंपाकात त्याचा उपयोग नाही. ‘घासभरही’ हा शब्द मात्र हवाच. आपल्याकडे आग्रह हा पाहुणचाराचा भाग आहे आणि ‘एवढंसं तरी घे’ला तोंडावर नकार देणं लहान मुलाला फार जड जातं. तो नकार आईने आधीच लिहून दिला की मूल सुटतं. उलट ‘शक्यतो’, ‘जमलं तर’, ‘फार नको’ असे मऊ शब्द घालू नयेत. ते संकोचापोटी येतात, आणि वाचणारी त्यांचा अर्थ ‘थोडं चालेल’ असाच घेते.

पान आधी वाढून घेण्यामागेही कारण आहे. पंगत बसली की पुरी वाढलेल्याच हाताने भात वाढला जातो, मसालेभाताचा डाव वरणात जातो, पुरीचा चुरा श्रीखंडाच्या पातेल्यात पडतो. सकाळचं निर्मळ श्रीखंड दुसऱ्या पंगतीला निर्मळ राहिलेलं नसतं. म्हणून पहिली वाटी तिची.

निरोप कधी पाठवायचा? वाणसामान भरण्याआधी. रविवारच्या जेवणासाठी बुधवार-गुरुवार बरा. आदल्या रात्री कळवलं तर मसाला कुटलेला असतो, बेत ठरलेला असतो, आणि यजमानिणीला आता काय करू असं होऊन जातं. पाठवायचा तो स्वयंपाक करणाऱ्या बाईला किंवा आचाऱ्याला, थेट. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नये. तिथे दहा जणांचे सल्ले येतात, ‘आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही’ हेही येतं, आणि स्वयंपाक करणारीने तो वाचलाय की नाही ते कळतच नाही. लग्नाकार्यात यजमानांना या तपशिलात ओढू नये. त्यांच्याकडून केटररचा नंबर घ्यावा, पांढरा भात आणि दही वेगळं काढायला सांगावं, आणि मुलाला घरून जेवू घालून न्यावं. बुफेच्या टेबलावरच्या कुठल्याही चमच्यावर विश्वास ठेवता येत नाही.

प्रसादाचं थोडं नाजूक आहे. शिरा नाकारला की देवाचं नाकारलं असं थोरांना वाटतं. त्यासाठी निरोपात आणखी एक वाक्य घालावं: ‘प्रसादाला तिला तीर्थ आणि एक फळ द्या.’ हे आधी ठरलेलं असलं की गुरुजींसमोर, चार बायकांच्या देखत काही बोलावं लागत नाही. तरीही कुणी हातावर शिरा ठेवलाच, तर तो डोळ्यांना लावून वडिलांच्या हातात द्यायचा आणि हात धुवायचे, हे लेकीला शिकवलंय.

बहुतेक वेळा निरोप वाचून फोन येतोच. ‘अगं, डबा कसला आणतेस? मी करते ना तिच्यासाठी काहीतरी!’ या मायेला नाही म्हणू नये. पण ‘करा काहीही’ असंही म्हणू नये. त्या क्षणी मी एकच पदार्थ सांगते: उपवासाची बटाट्याची भाजी. तूप, जिरं, हिरवी मिरची, मीठ, दाण्याचं कूट. हिंग नाही, पीठ नाही. प्रत्येक मराठी बाईला ती कशी करायची हे माहीत असतं आणि उपवासाचं म्हटलं की भांडं, झारा, कालथा स्वच्छ आणि वेगळा ठेवायची सवय हाताला असतेच. सिलिॲकला लागते तीच दक्षता, फक्त कारण निराळं. वरीचे तांदूळ, साबुदाण्याची खिचडीही तशीच चालते. राजगिरा किंवा शिंगाड्याच्या पिठाला मात्र मी नाही म्हणते, कारण ते गव्हाच्या चक्कीवर दळलेलं असू शकतं. ज्वारी-तांदळाच्या पिठाचंही तेच, म्हणून भाकरी माझ्या डब्यातलीच, घरी निवडून दळलेल्या पिठाची. थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट ‘डाळींचंच तर आहे’ म्हणून पुढे येतात, पण दोन्हींत सहसा गहू असतो.

कधी निरोप विसरला जातो. आपण पोचतो तेव्हा सगळ्या वरणाला हिंगाची फोडणी बसलेली असते आणि वहिनी ओशाळतात. डबा नेलेला असतो तो याच वेळेसाठी. तो उघडायचा, वहिनींकडून भात आणि दही मागून घ्यायचं आणि सगळ्यांबरोबर पंगतीत बसायचं.

आणि कधी असा निरोप तुम्हाला आला, तर खंत करू नका, बेत बदलू नका. हिंगाच्या डबीमागच्या घटकांच्या यादीचा फोटो काढून पाठवा आणि विचारा, ‘हा चालेल का?’ तिच्यात तांदळाचं पीठ निघालं, तर त्या पाहुण्याच्या पानात वरण आणि कोशिंबीरही वाढता येईल.