टार्गेट पूर्ण, सहकार्य अपुरे: अशा कर्मचाऱ्याचा वार्षिक अहवाल

वार्षिक कामगिरीचा अहवाल लिहिताना वरिष्ठाला सर्वांत जड जातो तो टार्गेट पूर्ण करणारा, पण सहकाऱ्यांशी जुळवून न घेणारा कर्मचारी. ज्याचे काम कमी पडले त्याच्याबद्दल लिहायला हाताशी आकडे असतात. इथे आकडे कर्मचाऱ्याच्या बाजूने बोलतात आणि तक्रारी फक्त कानावर आलेल्या असतात. म्हणून अहवाल कुठल्या तरी एका बाजूला कलंडतो. कधी विक्रीच्या जोरावर ‘सहकार्य’ या रकान्यातही पाचपैकी चार गुण पडतात, तर कधी वर्षभर साठलेली नाराजी त्या रकान्यातून बाहेर पडते आणि चांगले कामही झाकोळते.

ही चूक जुनी आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांच्या मूल्यमापनावर एक लेख लिहिला. वरिष्ठांनी हाताखालच्या अधिकाऱ्याची बुद्धी, शरीरयष्टी, नेतृत्व असे गुण वेगवेगळे तपासायचे होते. प्रत्यक्षात एका गुणाबद्दलचे मत बाकीच्या गुणांवर पसरत होते. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये आजही हेच घडते. यावर साधा उपाय असा की विक्रीचा भाग आणि सहकार्याचा भाग एकाच बैठकीत लिहू नयेत. दोन वेगळ्या दिवशी, वेगळी कागदपत्रे समोर ठेवून लिहिलेले भाग एकमेकांवर कमी सावली टाकतात.

सहकार्याच्या भागासाठी कागदपत्रे कोणती, हा खरा प्रश्न आहे. ‘टीम प्लेयर नाही’, ‘अ‍ॅटिट्यूड आहे’ ही वाक्ये माणसाच्या स्वभावावर शिक्का मारतात. ती सिद्ध करता येत नाहीत आणि त्यातून सुधारायचे काय, तेही कळत नाही. जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ मध्ये मांडलेली पद्धत इथे उपयोगी पडते. मोघम मत बाजूला ठेवून प्रत्यक्ष घडलेले ठळक प्रसंग नोंदवायचे: काय घडले, त्या माणसाने काय केले, त्याचा परिणाम काय झाला. सहकाऱ्यांना विचारतानाही ‘तो कसा आहे’ असे न विचारता ‘तुमचे काम त्याच्यामुळे अडले किंवा सोपे झाले, असा एखादा प्रसंग सांगा’ असे विचारावे. ऐकीव गोष्टी गाळून मेल, ऑर्डरमधले बदल किंवा डिस्पॅचच्या तारखा यांच्याशी जे जुळते तेवढेच अहवालात घ्यावे.

उदाहरणादाखल पंप बनवणाऱ्या कारखान्यातील एक विक्री अधिकारी घेऊ. वर्षाचे टार्गेट ४ कोटी, ऑर्डर मिळवल्या ४ कोटी ३२ लाखांच्या. सहकारी म्हणतात, ‘त्याच्याबरोबर काम करणे कठीण आहे.’ प्रसंग शोधल्यावर तीन हाती लागतात. ऑगस्टमध्ये त्याने प्लॅनिंग विभागाला न विचारता ग्राहकाला तीन आठवड्यांत माल देण्याचा शब्द दिला. कास्टिंग यायलाच पाच आठवडे लागणार होते. शब्द पाळण्यासाठी दुसऱ्या अधिकाऱ्याच्या ऑर्डरचे कास्टिंग इकडे वळवले गेले आणि ती ऑर्डर दहा दिवस उशिरा गेली. नोव्हेंबरमध्ये ग्राहकाने सांगितलेली चाचणीची अट सर्व्हिस विभागापर्यंत पोचलीच नाही, म्हणून जोडणीच्या लोकांना साइटवर दोनदा जावे लागले. जानेवारीत तो रजेवर गेला तेव्हा चालू कोटेशनची यादी कोणाकडेच नव्हती. शिवाय चौथा, उलट दिशेचा प्रसंगही सापडतो: दोन नव्या प्रशिक्षणार्थींना किंमत कशी काढायची हे त्याने स्वतःहून, संध्याकाळी थांबून शिकवले होते.

चारही प्रसंग शेजारी ठेवले की चित्र बदलते. हा माणूस भांडखोर नाही, मदत करायला नाखूशही नाही. हातातली माहिती इतर विभागांना वेळेवर न देणे, एवढाच त्याचा दोष आहे. प्रसंग नोंदवण्याचा सर्वांत मोठा फायदा हाच, की पसरट तक्रार एका नेमक्या वागणुकीवर येऊन थांबते.

आता लेखन. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘सगळ्यांची तक्रार आहे’ हे शब्द टाळावेत. एक अपवाद दाखवला की ते कोसळतात. या अधिकाऱ्याबद्दलचा परिच्छेद साधारण असा होईल: ‘४ कोटींच्या टार्गेटवर ४.३२ कोटींच्या ऑर्डर मिळवल्या. दोन प्रशिक्षणार्थींना किंमत काढण्याचे शिक्षण दिले. ऑगस्टमध्ये प्लॅनिंगची खात्री न घेता तारीख कबूल केल्याने दुसऱ्या ग्राहकाची ऑर्डर दहा दिवस लांबली. नोव्हेंबर आणि जानेवारीतही ग्राहकांची माहिती संबंधितांना वेळेवर मिळाली नाही. पुढील वर्षी ही माहिती वेळेवर पोचवणे अपेक्षित आहे.’ कौतुक आणि उणीव जोडण्यासाठी मध्ये ‘पण’ घातलेला नाही, हे मुद्दाम. ‘विक्री उत्तम, पण…’ असे वाक्य वाचणाऱ्याच्या मनात पहिला अर्धा भाग पुसला जातो.

गुण देतानाही दोन्ही बाजू वेगळ्या राहाव्यात. विक्रीला ७० आणि सहकार्याला ३० टक्के भार असेल, विक्रीला पाचपैकी ४ आणि सहकार्याला २ गुण दिले, तर एकूण ३.४ येतात. एकूण आकडा मनाजोगता यावा म्हणून विक्रीचे गुण ३ करणे ही खोटी नोंद आहे. पुढे रेटिंगच्या बैठकीत सगळ्या विभागांचे आकडे एकत्र बसवले जातात, तेव्हा हे गुण बदलूही शकतात. तिथे कर्मचाऱ्याची बाजू मांडायला लिहिलेले प्रसंगच उरतात.

अहवाल पुरा करण्याआधी एक गोष्ट प्रामाणिकपणे तपासावी लागते. या कारखान्यात इन्सेन्टिव्ह मिळतो तो ऑर्डर मिळाल्यावर. माल वेळेवर गेला की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. अशा ठिकाणी लवकरची तारीख कबूल करणाऱ्याला व्यवस्थाच बक्षीस देते. त्यामुळे कर्मचाऱ्याची जबाबदारी संपत नाही, मात्र सगळा दोष त्याच्या माथी मारणेही अन्यायाचे ठरते. इन्सेन्टिव्हच्या नियमातील त्रुटी एचआरला स्वतंत्रपणे कळवावी. दुसरी तपासणी स्वतः वरिष्ठाची: ऑगस्टमधला प्रसंग ऑगस्टमध्येच कर्मचाऱ्याला सांगितला होता का? तो पहिल्यांदा एप्रिलमध्ये कळत असेल, तर तसे अहवालात नमूद करावे आणि गुण देताना हात आखडता घेऊ नये. सुधारायची संधीच मिळाली नव्हती.

पुढच्या वर्षाचे उद्दिष्ट ‘टीमवर्क सुधारावे’ असे लिहिले तर बारा महिन्यांनी तोच वाद पुन्हा होतो. त्याऐवजी: ग्राहकाला तारीख देण्याआधी प्लॅनिंगचे लेखी उत्तर घ्यावे, ऑर्डर आल्यावर दोन दिवसांत ग्राहकाच्या अटी सर्व्हिस विभागाला पाठवाव्यात, रजेआधी चालू कोटेशनची यादी सहकाऱ्याकडे द्यावी. दर तीन महिन्यांनी ही नोंद पाहता येते आणि त्यासाठी कोणाचे मत विचारावे लागत नाही.

अहवाल सही करण्यापूर्वी कर्मचाऱ्याला वाचायला देऊन त्याचे म्हणणे त्याच कागदावर लिहून घ्यावे. सरकारी सेवेत याला कायद्याचा आधार आहे. देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितले की गोपनीय अहवालातील प्रत्येक शेरा, चांगला असो वा वाईट, संबंधिताला कळवला पाहिजे, म्हणजे त्याला त्यावर दाद मागता येईल. हा निर्णय सरकारी आणि सार्वजनिक क्षेत्रातील सेवकांपुरता आहे; खासगी कंपनीत कंपनीचे नियम लागू होतात. तरीही कर्मचाऱ्याचे उत्तर मागितलेले बरे, कारण ऑगस्टची ती तारीख कबूल करायला त्याला त्याच्याच वरिष्ठाने फोनवर सांगितले होते, अशी माहिती कधी कधी त्या उत्तरातूनच पहिल्यांदा पुढे येते. तसे झाले तर परिच्छेद पुन्हा लिहावा लागतो.