वेग राखायचा, तर पिक्सेल सोडायचे

लिव्हरपूलच्या सोनी स्टुडिओने 2008 मध्ये प्लेस्टेशन 3 साठी ‘वाइपआउट एचडी’ हा शर्यतीचा गेम काढला. सेकंदाला 60 चित्रं, म्हणजे एका चित्राला जेमतेम 16.7 मिलिसेकंद. स्फोटांच्या गर्दीत ही वेळ हुकू लागली की गेम चित्राची रुंदी 1920 पिक्सेलवरून थेट 1280 पर्यंतही उतरवे. उंची 1080 च राही. समजा, चित्राला 20 मिलिसेकंद लागताहेत आणि सगळा भार पिक्सेलचाच आहे, तर 1280 रुंदीला ही वेळ 13.3 वर येते. मग चित्र आडवं ताणून पडदा भरायचा. त्यामुळे उभ्या कडा आधी मऊ पडतात. झरझर सरकणाऱ्या रस्त्यावर ते कळत नाही. पण पडद्यावर जवळपास स्थिर असलेल्या आपल्याच यानाच्या कडेवर, गर्दी लांबली की, धूसरपणा दिसतो. अडचण मुख्य प्रोसेसरची असेल, तर मात्र रुंदी कितीही कापा, वेग वाढत नाही.