दसऱ्याचा झेंडू, दिवाळीचं कार्ड

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी घरोघरी पाटीभर झेंडू उरतो. विजयादशमीपासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण वीस दिवस मिळतात आणि झेंडूच्या पाकळ्या दाबून, वाळवून कार्डावर लावायला तेवढे नेमके पुरतात. फक्त फुलं तोरणातली घेऊ नका. दिवसभर उन्हावाऱ्यात लटकलेल्या पाकळ्यांच्या कडा काळवंडलेल्या असतात आणि दाबल्यावर तो काळेपणा पसरलेला दिसतो. टोपलीत उरलेली, न ओवलेली फुलं घ्या.

अख्खा झेंडू दाबायचा मोह होतो, पण त्याचा हिरवा देठाकडचा भाग इतका जाड असतो की आतला ओलावा बाहेर पडायच्या आत तो सडू लागतो. म्हणून पाकळ्या सुट्या करायच्या. एका साध्या पांढऱ्या कागदावर त्या एकमेकींना न चिकटतील अशा मांडा, वर दुसरा पांढरा कागद ठेवा आणि हे सगळं वर्तमानपत्राच्या जाड घडीत घाला. गुळगुळीत मासिकाचा कागद ओल शोषत नाही, आणि वर्तमानपत्र थेट पाकळीला लागलं तर शाई उठते, म्हणून ही मधली पांढरी पानं. वर पाटा किंवा जाड ग्रंथांची चळत ठेवा. पहिले तीनचार दिवस वर्तमानपत्र रोज बदलायचं. नेमका याच कामाचा कंटाळा येतो, आणि बुरशी लागते ती त्यामुळेच. परतीचा पाऊस रेंगाळला असेल तर पाकळ्यांना आणखी आठवडाभर द्या.

वाळली की नाही, हे ओळखायला पाकळी वरच्या ओठाला लावून पाहा. गार लागली तर आत अजून ओल आहे. पुरती वाळलेली पाकळी वाकवली की लवत नाही, मोडते. अर्धवट वाळलेली पाकळी लावून कार्ड पाकिटात बंद केलं, तर चार दिवसांत तिच्याभोवती तपकिरी वलय उमटतं. झेंडूचा पिवळा-केशरी रंग वाळल्यावरही बराच टिकतो. गुलाबी तेरडा किंवा निळी गोकर्ण सुरुवातीला फार सुंदर दिसते, पण उजेडात लवकर फिकटते. पांढरी फुलं तर तपकिरी पडतात, म्हणून मोगऱ्याच्या वाटेला मी जात नाही.

आता कापड. दिवाळीच्या कार्डावर पणती हवी आणि तिच्यासाठी खणासारखं कापड नाही. खणाची नक्षी बारीक असते, त्यामुळे पाच सेंटिमीटरच्या पणतीतही ती पूर्ण दिसते. शिवाय खणाचा काठ पणतीच्या वरच्या कडेला आणला की तिला आपोआप किनार मिळते. ब्लाउज शिवणाऱ्या शिंप्याकडे असे तुकडे रोज कचऱ्यात जातात. पण खण नुसता कापला की धागे सुटतात. त्याच शिंप्याकडून इस्त्रीने चिकटणारं बक्रम आणा, ते कापडाच्या मागे लावा, मग बक्रमावर आकार काढून कापा. बक्रमामुळे आणखी एक फायदा होतो, गोंद कापडातून वर झिरपून डाग पडत नाहीत.

कार्डासाठी ३०० जीएसएमचा कागद ठीक. ए४ कागद मधोमध कापला, की प्रत्येक अर्ध्याच्या घडीतून १०.५ बाय १४.८ सेंटिमीटरचं कार्ड होतं. जाड कागदाला दिशा असते. तो दोन्हीकडे हलकेच वाकवून पाहा, ज्या दिशेने सहज वाकतो तीच घडीची दिशा. उलट दिशेने घडी घातली तर वरचा थर तडकतो. रिफिल संपलेल्या बॉलपेनाने पट्टी धरून आधी रेघ दाबा, मग घडी घाला. मजकूर लिहायचा तो याच वेळी, चिकटवण्याआधी.

खणाची पणती चिकटवून झाली की तिच्यावर ज्योत. मागे मोठी केशरी पाकळी, तिच्यावर लहान पिवळी. पांढरा गोंद पाणी न घालता दातकोरणीच्या टोकाने, पाकळीच्या बुडाशी आणि मधोमध टिपक्याएवढाच लावा. जास्त लावला तर कागद ओला होऊन फुगतो आणि वाळताना आकसून वर वळतो. लावल्यावर बटर पेपर ठेवून रात्रभर पुस्तकाखाली ठेवा. घरात आपट्याची पानं वाळत असतील तर एखादं बाजूला बसवता येतं, दोन पाळ्यांचं ते पान मुळातच सपाट असतं.

टपालाने पाठवायचं असेल तर वजन मोजा. अशा कार्डाचा कागद सव्वानऊ ग्रॅमच्या आसपास, पाकीट चारपाच ग्रॅम, कापड-बक्रमाचा एखादा ग्रॅम. म्हणजे साध्या पत्राच्या पहिल्या २० ग्रॅमच्या टप्प्यात सगळं बसतं. खरा धोका शिक्क्याचा. तिकीट पाकिटाच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात असतं आणि शिक्का तिथेच जोरात बसतो. त्यामुळे ज्योत कार्डाच्या डाव्या भागात, मधोमध किंवा खाली ठेवा आणि कार्ड पाकिटात घालताना बाजू उलटी होत नाही ना, ते बघा. वर बटर पेपरचा एक तुकडा असू द्या. शेजारीपाजारी आणि नातलगांकडे मात्र फराळाच्या डब्याबरोबर हातोहातच द्यावं, फक्त डब्यावर नको, चकलीचं तेल कागदाला लागतं.